तेहतीस शून्यं

आमच्या गावात कीर्तन म्हटलं की आधी धोंडीबामामा दिसतात, मग कीर्तनकार. शेजारच्या तामसी गावच्या बसथांब्यावरून महाराजांना मोटारसायकलवर आणणं, सतरंज्या झटकून अंथरणं, माइक फुंकून पाहणं, टाळ मोजून देणं आणि कीर्तन संपल्यावर मोजून परत घेणं, हे सगळं ते अठरा वर्षांपासून करतात. घरी दीड एकर भाजीचा मळा, मेथी-पालक-वांगी. मळ्यातून आले की हातपाय धुऊन सरळ देवळात. आमचं किराणा दुकान देवळासमोरच आहे, त्यामुळे ते आले की मला घड्याळ पाहावं लागत नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे वही. रोज संध्याकाळी हरिपाठ आणि दर एकादशीला कीर्तन, दोन्हींची हजेरी ते लांबट रजिस्टरात लिहितात. मामा नावं पुकारत नाहीत. खांबाला टेकून बसतात आणि नुसते पाहतात. गावात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. रिकामी जागा दिसली की माणूस कोण ते त्यांना कळतं. आला तर उभी रेघ, नाही आला तर शून्य. आरती सुरू होईपर्यंत आलेल्याला रेघ मिळते, आरती सुरू झाल्यावर आला तर सरपंच असला तरी शून्य.

पूर्वी वहीत ‘कारण’ असाही एक रकाना होता. मामांनीच तो बंद केला. ते म्हणायचे, बायकांना विचारलं की सगळ्या एकच सांगतात, पाहुणे आले होते. एवढे पाहुणे आपल्या गावात येत असते तर एसटी रोज तीनदा आली असती.

हजेरीची गरज पडली ती भांडणामुळे. माघात आमच्याकडे सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी दिंडी गावाला फेरी घालते आणि पुढे एक बाई डोक्यावर तुळशीचं वृंदावन घेऊन चालते. तो मान कोणाचा यावरून एका वर्षी दोन घरांनी एकमेकांकडचं जेवण बंद केलं. तेव्हा महिला मंडळाच्या जयवंताबाईंनी नियम केला की ज्या बाईची वर्षात तीसपेक्षा जास्त शून्यं नसतील तिचंच नाव तुळशीसाठी धरायचं, आणि त्यांतही जिची सगळ्यात कमी तिला मान. नियम सरळ होता. त्यानंतर भांडण झालं नाही.

गेली पाच वर्षं तो मान मनकर्णामामींना मिळत होता, म्हणजे धोंडीबामामांच्या बायकोला. लोकांनी आधी टोमणे मारले, लिहिणारा घरचाच म्हणून. पण मामींच्या ओळीत खरंच शून्य नसायचं. एका वर्षी मामींना ताप होता, त्या घोंगडी पांघरून आरतीनंतर आल्या, तर मामांनी सगळ्यांसमोर शून्य काढलं. त्यानंतर कोणी बोललं नाही. मामांना त्या शून्याचा फार अभिमान होता.

यंदा पौषात मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर बारीक अक्षर पाहू नका म्हणून सांगितलं आणि सप्ताह पंधरा दिवसांवर आला होता. रजिस्टर घेऊन ते आमच्या दुकानाच्या पायरीवर आले.

“सूनबाई, तू कालेजात शिकलेली हायेस. बायकांची बेरीज करून दे. रोजची हजेरी म्या घेतो, मोठ्या रेघा मारता येते मले. बेरीज नाई होत.”

मी बी.एस्सी. झाले ती आदिलाबादला, लग्नानंतर चौदा वर्षांत त्या शिक्षणाचा उपयोग दुकानाची बिलं तपासण्यापलीकडे झाला नव्हता. मी आनंदाने रजिस्टर घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा गल्ल्यावर बसून मोजायचं ठरवलं.

वहीत प्रत्येक महिन्याला दोन पानं होती, आडव्या ओळींत नावं, उभ्या रकान्यांत तिथी. आधी मी माझीच ओळ मोजली, सगळेच तसं करतात. बावन्न शून्यं. पाहून वाईट वाटलं, मी इतकी चुकार नाही. मग पानं चाळत गेले तशी ती शून्यं एकट्याने बसलेली दिसेनात. चार किंवा पाच, एकाला एक लागून, मग तीन-साडेतीन आठवडे रेघाच रेघा, पुन्हा चार-पाच. मी पेन्सिल खाली ठेवली. ते माझे बाहेरचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी देवळाची पायरी चढत नाही.

मग मी इतर नावं पाहिली. हर्षालीची तशीच, शिक्षिका असलेल्या प्रगतीची तशीच, पंचेचाळिशीच्या आतली प्रत्येक बाई तशीच. मधे नऊ-दहा महिने सलग रेघा आणि मग सव्वा महिना सलग शून्यं दिसली की तिच्या बाळाचं बारसं आठवायचं. साठीच्या बायकांची शून्यं मात्र विखुरलेली, इथे लग्न, तिथे कापूस वेचणी. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. खांबाला टेकून त्यांनी अठरा वर्षं गावातल्या सगळ्या बायकांच्या पाळ्या लिहून ठेवल्या होत्या. आणि तीस शून्यांच्या नियमात तरुण बाई कधी बसूच शकत नव्हती, कारण वर्षाची पन्नास-साठ शून्यं तिच्या अंगातच होती. आजकालच्या सुनांना भक्ती नाही असं जयवंताबाई दर सप्ताहात सांगायच्या. मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली, कुणाच्या तरी कपाटात डोकावल्यासारखी.

त्याच हसण्यात मी मनकर्णामामींच्या ओळीवर आले.

माघापासून ज्येष्ठापर्यंत रेघा. आषाढात तीन शून्यं, लागून. श्रावणात रेघाच. भाद्रपदात चार, लागून. आश्विनात सहा. कार्तिकात एकही नाही. मार्गशीर्षात अकरा. पौषात नऊ, आणि पौष अजून संपायचा होता.

मामी सत्तावन्न वर्षांच्या आहेत. मी मामांकडून जुनी रजिस्टरं मागून घेतली, तपासायला हवीत म्हणून. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी कौतुकाने काढून दिली. आठ वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात मामींची लागून आलेली शेवटची चार शून्यं होती. त्याच्या आधी दर महिन्याला, त्याच्या नंतर, तापाचं ते एक सोडलं तर, कधीच नाही. म्हणजे पाळी गेली ती तेव्हा. आठ वर्षांनी आषाढात परत आली होती, आणि दर खेपेला वाढत होती. एवढं शास्त्र मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, पण माझी मावशी अशीच गेली. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबायचं नसतं, हे आमच्या घराला फार उशिरा कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मळ्यात गेले. मामी बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. चेहरा पिवळा पडला होता. दोन जुड्या झाल्या की हात मांडीवर ठेवून श्वास घ्यायच्या. मी शेजारी बसून जुड्या बांधू लागले आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी गुडघ्यांचं सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी म्हटलं, गुडघे कार्तिकात कसे बरे झाले, पहाटेच्या काकड्यालाही तुम्ही होता.

त्यांनी गवताच्या काडीने हातातली जुडी आवळली. मग सगळं सांगितलं, जमिनीकडे पाहून. आषाढात थोडं दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, अंगात रगत जास्त झालं. बहिणीने फोनवर सांगितलं की कुणाकुणाला परत येते, चांगलंच असतं, म्हातारपण लांबतं. आश्विनानंतर मामा जेवताना म्हणाले, तुही तेरा झाली, अशीनं तुळस जाईन. मग मामींनी आदिलाबादला औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. सुनेसाठी पाहिजेत, घरी पूजा आहे, असं सांगितलं. सणावारी आपण सगळ्याच घेतो त्या. दुकानदाराने वय विचारलं नाही. कार्तिकभर सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेतली आणि कार्तिक कोरडा गेला. गोळ्या सोडल्यावर चौथ्या दिवशी जे सुरू झालं ते अकरा दिवस थांबलं नाही.

“आता बी हाय?” मी विचारलं.

“परवा थांबलं.” मग त्यांनी मान वर केली. “सप्त्यासाठी गोळ्या आणून ठेवल्या हायेत. डाळीच्या डब्यात. तुया मामाजीले नको सांगू.”

मी त्यांना मावशीचं सांगितलं. मावशी गेली हेही सांगितलं, लपवलं नाही. सोमवारी माझ्यासोबत आदिलाबादला चला, बाईडॉक्टर आहे, म्हणून हात धरला. त्या म्हणाल्या, सप्ताह झाला की येतो. मी म्हटलं, सप्ताहाला पंधरा दिवस आहेत, आणि आषाढापासून सात महिने असेच गेले. तेव्हा त्यांनी विचारलं,

“बेरीज तूच करून राह्यली ना? माही किती झाली?”

“तेहतीस.”

त्यांनी बोटांवर मोजलं. “तीन शून्यांच्या रेघा करून दे. पेन्सिलचंच तं हाय. तू रेघा मार, म्या सोमवारी येतो. देवाच्या नावानं सांगतो.”

आजही मला वाटतं, मी त्यांना ओढून नेलं असतं तरी चाललं असतं. पण मामींसारख्या माणसाला ओढता येत नाही. मी हो म्हटलं. घरी येऊन मार्गशीर्षातली तीन शून्यं खोडरबराने पुसली आणि उभ्या रेघा मारल्या. मामांच्या रेघा किंचित डावीकडे झुकतात, मीही तशाच झुकवल्या. बेरजेच्या कागदावर लिहिलं, मनकर्णा, तीस.

शनिवारी दुपारी मामा कागद न्यायला आले. काळा चष्मा लावलेला. मी नावं वाचून दाखवली. मामींचा आकडा ऐकला आणि ते थांबले.

“तेहतीस हाय तिची.”

मी म्हटलं, तीस आहे, मोजली मी.

“मोतीबिंदू डोळ्यात होता पोरी, डोक्यात नाई. अकरा मार्गशीर्षातली. आण वही.” त्यांनी चष्मा काढला, पान अगदी डोळ्यांजवळ धरून बोट फिरवलं आणि रबराने चुरगळलेल्या जागेवर ते बोट थांबलं. आवाज चढला नाही. “काऊन केलं तू? तिनं सांगितलं? अठरा वर्षांत या वहीत कोणी रबर नाई लावला. उद्या जयवंताबाई म्हणन, धोंडीबानं बायकोसाठी वही खराब केली.”

खिशातली पेन्सिल काढून त्यांनी त्या तीन रेघांवर एकेक शून्य काढलं, गडद. मग कागदावरचा आकडाही मला बदलायला लावला. मामींचं नाव यादीतून गेलं होतं, आणि सोमवारचा शब्दही गेला होता, हे मला कळत होतं. दुकानात कोणी नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि पुरुषमाणसाशी कधी न बोललेलं बोलले.

आधी माझी ओळ दाखवली. म्हटलं, ही शून्यं पाहा कशी बसली आहेत, चार-चार, पाच-पाच. तेवढ्यावर ते समजले. मान खाली घालून म्हणाले, बस कर सूनबाई. मी थांबले नाही. आठ वर्षांपूर्वीचं रजिस्टर उघडलं, मामींची शेवटची चार शून्यं दाखवली. मग आषाढाचं पान, भाद्रपद, आश्विन. कार्तिक का कोरडा ते सांगितलं, डाळीच्या डब्यासकट.

त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. एकेका शून्यावर बोट ठेवत गेले, तीन, चार, सहा, अकरा, नऊ. ओठ हलत होते.

“म्या लिवून राह्यलो होतो,” ते म्हणाले. “रोज. तिच्या बाजूच्या खाटेवर झोपतो म्या.”

सोमवारपर्यंत ते थांबले नाहीत. रविवारी सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो. बाईडॉक्टर रविवारी अकरापर्यंत बसत.   मामी वाटभर खिडकीकडे तोंड करून बसल्या. वही जिंकली, एवढंच एकदा म्हणाल्या.

डॉक्टर तेलुगू बोलणाऱ्या, थोडं हिंदी. किती दिवसांपासून, असं विचारलं. मामी म्हणाल्या, दोन-तीन महिने. दारापाशी उभ्या असलेल्या मामांनी कापडी पिशवीतून रजिस्टर काढलं. ते आणलंय हे मलाही माहीत नव्हतं. टेबलावर ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आषाढ वद्य चतुर्थी, पंचमी, षष्ठी. डॉक्टरांना तिथी कळेनात. मग मोबाइलवरच्या पंचांगात पाहून मी तारखा सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या, जुलैपासून जानेवारीपर्यंत, कोणत्या तारखेला सुरू, किती दिवस, मधे किती दिवसांचं अंतर. सप्ताहासाठी आणलेल्या गोळ्यांचं पाकीटही मामांनी डाळीच्या डब्यातून आणलं होतं. ते पाहून डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि हिंदीत म्हणाल्या की या गोळीने रक्त थांबतं, कारण थांबत नाही. त्या रागावल्या नाहीत, दमलेल्या वाटल्या. असा हिशोब इतक्या नीट सांगणारा पेशंट मी पाहिला नाही, असंही म्हणाल्या. मामा कौतुकाने खूश होणारे गृहस्थ आहेत. त्या दिवशी ते भिंतीकडे पाहत राहिले.

अंगात रक्त सातच होतं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर फार जाड दिसलं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तो सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी. कर्करोग होता. रक्ताच्या बाटल्या चढवून हैदराबादला पाठवलं. निर्मल शहरात नोकरी करणारा त्यांचा मुलगा भूषण रजा टाकून आला. गर्भपिशवी काढली, पण रोग बाहेर गाठींपर्यंत गेलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी भूषणला सांगितलं की सहा महिने आधी आली असती तर बहुधा एवढ्यावरच भागलं असतं. भूषणने ते मला फोनवर सांगितलं आणि बाबाला सांगू नका म्हणाला. पण बाबा त्याच्या मागेच उभे होते, हे नंतर कळलं.

सप्ताहात तुळस जयवंताबाईंच्या बहिणीने घेतली. मी दिंडीत नव्हते, माझे ते दिवस होते. दुकानातून पाहिलं.

किरणोपचाराच्या पंचवीस खेपा करून चैत्रात मामी घरी आल्या. केस होते, अंग राहिलं नव्हतं. मामा दुसऱ्याच संध्याकाळी हरिपाठाला आले, टाळ मोजून वाटले, खांबाला टेकून बसले. समोर वही नव्हती. आरतीनंतर त्यांनी मंडळींना सांगितलं की यापुढे हजेरी लिहिणार नाही, डोळा काम देत नाही. जयवंताबाई म्हणाल्या, मग तुळशीचं कसं ठरवायचं? मामा म्हणाले, चिठ्ठ्या टाका.

गावाने आपला अर्थ लावला. बायकोची तीन शून्यं जास्त भरली आणि मान गेला म्हणून धोंडीबाने वहीच बंद केली. अठरा वर्षं निष्ठेचा आव आणला, घरावर आलं तसा उघडा पडला. हे आमच्या दुकानात साखर तोलून घेताना बोललं जायचं. एकदा मला राहवलं नाही, मी तोंड उघडणार तोच मामा दारात दिसले. त्यांनी नुसती मान हलवली. मग मला कळलं. कारण सांगायचं म्हणजे वहीत काय आहे ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की गावातली एकही तरुण बाई त्यांच्यासमोर देवळात बसणार नाही. हर्षाली नाही, प्रगती नाही. त्यांनी ती सगळी रजिस्टरं चुलीत घातली होती. मामींनी मला सांगितलं, पाणी तापवलं म्हणे त्यावर. फक्त शेवटचं एक ठेवलं, डॉक्टर पुन्हा विचारतील म्हणून.

वैशाखात मामींना पुन्हा रक्त दिसू लागलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. एका दुपारी त्या म्हणाल्या, एकदा देवळात जाऊन यायचं आहे, मामाजी नेतो म्हणतात, पण जाऊ कशी. मी म्हटलं, मामी, हा आजार आहे, ते नाही हे. हे चालतं.

“मलेबी समजते,” त्या म्हणाल्या. “पण रगत तं तेच ना पोरी. देवाले कसं सांगू, कोणतं हाय ते?”

 विज्ञान शिकले तरी मी स्वतः त्या दिवसांत पायरी चढत नाही. अजूनही नाही.

त्या संध्याकाळी मामांनी त्यांना हाताला धरून आणलं. पायरीपाशी आल्यावर त्या थांबल्या. मामा म्हणाले, चाल, कोणी लिवत नाई आता. त्या हलल्या नाहीत. मग मामांनी आपला शेला खालच्या ओट्यावर अंथरला, त्यांना बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आत टाळ कोण वाटतंय, सतरंजी नीट आहे की नाही, हे पाहायला ते त्या दिवशी उठले नाहीत. आत हरिपाठ चालू होता, बाहेर दोघं. मामी सोबत पुटपुटत होत्या. आतल्या बायका मान वळवून पाहत होत्या आणि जयवंताबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, पाहा, अजून रुसलेलेच आहेत.

मामी ज्येष्ठात गेल्या.